बोनाफाईड

एसटीच्या पासाच्या खिडकीवर विचारतात, ‘बोनाफाईड आणलंय का?’ मुलगा शाळेचा शिक्का असलेला कागद पुढे करतो. लॅटिनमध्ये ‘बोना फिदे’ म्हणजे सद्भावनेने, मनात कपट न ठेवता. रोमन कायद्यात दुसऱ्याची वस्तू आपलीच समजून प्रामाणिकपणे बाळगणाऱ्याला या शब्दांचा आधार होता. पुढे इंग्रजी कायद्याचं बोट धरून ते आपल्याकडे आले. शाळेत मनातला भाव गळाला आणि कागदच ‘बोनाफाईड’ झाला!

कोर्टात जुना अर्थ शाबूत आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १६ खाली घरमालक स्वतःसाठी जागा मागतो, तेव्हा त्याची गरज ‘बोनाफाईड’ असावी लागते. मुलाच्या दवाखान्याचं निमित्त आणि बेत मात्र जादा भाड्याचा, हे उलटतपासणीत उघडं पडलं, की दावा डळमळतो.

लॅटिनमधून आलेले असेच आणखी दोन शब्द. ‘डी फॅक्टो’ म्हणजे प्रत्यक्षात: सह्या सरपंचबाईंच्या, कारभार यजमानांचा, तर डी फॅक्टो सरपंच यजमानच. ‘अॅड हॉक’ म्हणजे एवढ्यापुरतं. सरकारी मराठीत ‘तदर्थ’. नेमणुकीच्या आदेशात मात्र या ‘एवढ्यापुरतं’ला मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत राहते.