कर्ज नामंजूर झालंय? दुसरा अर्ज देण्याआधी सातबारा, सिबिल आणि हप्त्याचं गणित तपासा

इनामगाव : बँकेत फाइल दिली, दोन-तीन चकरा मारल्या आणि शेवटी उत्तर आलं, "तुमचं प्रकरण बसत नाही." असं झालं की बरेच जण दुसऱ्या दिवशी तीच फाइल घेऊन दुसऱ्या बँकेत जातात. तिथेही तेच उत्तर मिळतं, कारण अडचण फाइलमध्येच असते. शिरूर-दौंड पट्ट्यात गाई, ठिबक, पाइपलाइन किंवा ट्रॅक्टरसाठी केलेले अर्ज बहुतेक तीन जागी अडतात : सातबाऱ्यावर राहून गेलेला जुना बोजा, सिबिलमध्ये दिसणारी थकबाकी आणि उत्पन्नात न बसणारा हप्ता. तिन्ही गोष्टी अर्ज करण्याआधी आपल्याला स्वतः तपासता येतात.

आधी कारण लेखी घ्या

"बसत नाही" हे कारण नव्हे. अर्ज नाकारला तर त्याचं मुख्य कारण अर्जदाराला लेखी कळवावं, असा रिझर्व्ह बँकेचा बँकांसाठी नियम आहे. कर्ज लहान असो की मोठं, हा नियम सगळ्यांना लागू आहे. त्यामुळे शाखाधिकाऱ्यांच्या नावे साध्या कागदावर दोन ओळींचा अर्ज लिहा : अमुक तारखेला अमुक कामासाठी कर्ज मागितलं होतं, ते नामंजूर झाल्याचं तोंडी सांगितलं, कारण लेखी मिळावं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. कारण हातात आलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, इनामगावातल्या एका शेतकऱ्याने गाई घेण्यासाठी ३ लाख रुपये मागितले. बँकेने लेखी तीन कारणं दिली : जमिनीवर आधीचा बोजा, जामीन असलेल्या कर्जात थकबाकी आणि परतफेडीची क्षमता कमी. एकेक कारण पाहू.

पहिलं कारण : फेडलेलं कर्ज सातबाऱ्यावर तसंच

या शेतकऱ्याने २०१६ साली घोड नदीवरून पाइपलाइन आणण्यासाठी १ लाख ८० हजारांचं कर्ज काढलं होतं. २०२२ मध्ये ते पूर्ण फेडलं. बँकेने दाखला दिला, तो घरी पेटीत गेला. सातबाऱ्याच्या "इतर हक्क" रकान्यात मात्र बँकेचं नाव आणि रक्कम आजही आहे. नव्या बँकेला दिसतं ते एवढंच : ही जमीन आधीच दुसऱ्याकडे तारण आहे.

इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. कर्ज फिटलं म्हणून बोजा आपोआप उतरत नाही. बोजा चढताना जसा फेरफार झाला, तसाच उतरवण्यासाठीही फेरफार व्हावा लागतो.

त्यासाठी बँकेकडून दोन गोष्टी घ्या. एक, कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला, म्हणजे नो ड्यूज. दुसरं, "बोजा कमी करावा" असं महसूल विभागाला लिहिलेलं पत्र. पत्रात गट नंबर, कर्जाची रक्कम आणि जुन्या फेरफाराचा नंबर बरोबर आहे ना, ते बँकेतच वाचून घ्या. गट नंबर चुकला की अर्ज परत येतो. नंतर हे पत्र आपल्या सजेच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या नेहमीच्या तलाठ्यांकडे द्या. ई-हक्क प्रणालीवरूनही अर्ज करता येतो, त्यासाठीचा पत्ता `pdeigr.maharashtra.gov.in` असा आहे. तिथे बोजा कमी करण्याचा प्रकार निवडून बँकेचं पत्र जोडायचं.

फेरफार धरला की हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. म्हणजे आज अर्ज दिला आणि उद्या कोरा सातबारा मिळाला, असं होत नाही. महिनाभर हाताशी ठेवा. फेरफार कुठवर आला ते "आपली चावडी"वर दिसतं. नोंद मंजूर झाल्यावर नवा डिजिटल सहीचा सातबारा काढा आणि "इतर हक्क" रकाना स्वतः वाचा. जुन्या सातबाऱ्याची झेरॉक्स पुन्हा फाइलला लावू नका.

सातबारा हातात असतानाच वरची नावंही पाहा. वडील वारले असतील आणि त्यांचंच नाव असेल तर आधी वारस नोंद करावी लागेल. भावांचं सामाईक खातं असेल तर तारणासाठी त्यांची संमती लागेल. आधारवर एक नाव आणि सातबाऱ्यावर दुसरं, एवढ्यानेही फाइल थांबते.

दुसरं कारण : सिबिलमध्ये दुसऱ्याचं कर्ज

सिबिल ही कर्जाची नोंद ठेवणारी एक कंपनी आहे. आपल्या देशात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. सिबिलचा अहवाल `www.cibil.com` वर पॅन आणि मोबाइल नंबर टाकून घेता येतो. आपला अहवाल आपण पाहिला म्हणून स्कोअर कमी होत नाही. पण महिन्याभरात चार-पाच बँकांत अर्ज केले तर प्रत्येक बँकेची चौकशी तिथे नोंदवली जाते आणि पुढच्या बँकेला ती दिसते. म्हणूनच तीच फाइल घेऊन फिरणं नुकसानीचं ठरतं.

नुसता स्कोअर पाहून थांबू नका. खाली एकेका कर्जाची नोंद असते, ती वाचा. आपल्या उदाहरणातल्या शेतकऱ्याचे स्वतःचे हप्ते वेळेवर होते. पण चुलतभावाच्या ट्रॅक्टरला तो जामीन होता आणि त्या कर्जाचे तीन हप्ते थकले होते. जामीनदाराच्या अहवालातही ते कर्ज दिसतं. यावर कागदी उपाय नाही. थकलेले हप्ते भरले गेले पाहिजेत. ते भरल्यावर थकबाकी शून्य दिसते, मात्र उशीर झाल्याची खूण काही काळ राहते. अशा वेळी भरणा पावती आणि ट्रॅक्टरच्या कर्जाचा खातेउतारा नव्या फाइलला जोडा, म्हणजे शाखाधिकाऱ्यांना खुलासा मिळतो.

आणखी दोन नोंदी नीट ओळखा. "Settled" म्हणजे तडजोडीत काही रक्कम सोडून कर्ज मिटवलं. "Closed" म्हणजे पूर्ण फेडलं. बँकेच्या नजरेत या दोन्हींत मोठा फरक आहे. तडजोडीचं कर्ज असेल तर त्या बँकेला भेटून उरलेली रक्कम भरता येते का आणि भरल्यावर नोंद बदलून मिळेल का, हे लेखी विचारा.

काही वेळा कर्ज फेडलेलं असतं, पण अहवालात किरकोळ बाकी दिसते. आधी बँकेतून खातेउतारा काढा. शेवटच्या दिवसांचं व्याज किंवा एखादा चार्ज खरंच राहिला असेल तर भरून टाका. बाकी काहीच नसेल तर ती नोंद चूक आहे, मग त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार टाका. तक्रार ३० दिवसांत निकाली काढायची असते. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने केला आहे. हे सगळं फुकट होतं. "पैसे द्या, सिबिल क्लिअर करून देतो" म्हणणाऱ्याला आधार, पॅन किंवा ओटीपी देऊ नका. खरी थकबाकी कोणत्याच एजंटाला पुसता येत नाही.

आजवर कधी कर्जच घेतलं नाही म्हणून स्कोअर नाही, असंही असतं. पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याचा अर्ज केवळ एवढ्याच कारणाने नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं आहे. लेखी कारणात हेच असेल तर ते दाखवून पुन्हा विचारा.

तिसरं कारण : हप्ता उत्पन्नात बसत नाही

हे गणित वहीवर करून पाहा. या शेतकऱ्याला दुधातून चारा, पेंड, औषधपाणी वजा जाता महिन्याला १२ हजार रुपये राहतात असं धरू. मोटरसायकलचा हप्ता २,६०० आणि मोबाइलचा १,२०० रुपये आहे. ३ लाखांचं कर्ज १० टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण ६,३७४ रुपये येतो. तिन्ही मिळून १०,१७४ झाले. हातात राहिले १,८२६ रुपये. एवढ्यावर घर कसं चालणार, हाच प्रश्न बँकेला पडला.

आता मोबाइलचा हप्ता आधी संपवला आणि ३ ऐवजी २ लाख मागितले तर नवा हप्ता सुमारे ४,२४९ रुपये येतो. मोटरसायकल धरून ६,८४९ झाले, घराला ५ हजारांच्या वर राहतात. दोन गाई कमी येतील, पण फाइल पुढे सरकेल. प्रत्येक बँकेचं मोजमाप वेगळं असतं, तरी उत्पन्नाच्या निम्म्याच्या फार पुढे हप्ते गेले की अडचण येतेच.

उत्पन्न आहे, पण पुरावा नाही, हीदेखील नेहमीची गोष्ट. दुधाचा पगार रोख घेत असाल तर बँकेला तो दिसत नाही. तो निदान सहा महिने खात्यावर जमा होऊ द्या. डेअरीचं खातं पत्नीच्या नावावर असेल तर त्यांना सहकर्जदार करता येईल का ते विचारा. उसाचं बिल येत असेल तर त्याच्या पावत्या जोडा. बिलातून सोसायटीची वसुली कापली गेली असेल तर ती सोसायटीत आपल्या खात्यावर जमा झाली का, हे उताऱ्यावर पाहा. कापलेली रक्कम जमा व्हायला उशीर झाला तर सोसायटीच्या दप्तरी आपण थकबाकीदार दिसतो आणि बेबाकी दाखला अडतो.

पुन्हा अर्ज कधी करायचा?

सिबिलची तक्रार आणि बोजाचा अर्ज एकाच आठवड्यात टाका, म्हणजे दोन्ही कामं सोबत चालतील. महिना-दीड महिन्याने नवा सातबारा आणि सुधारलेला अहवाल हातात आला की, शक्यतो आपलं जुनं खातं असलेल्या एकाच बँकेत अर्ज करा. सोबत आधीचं नामंजुरीचं पत्र लावा आणि त्यातल्या प्रत्येक कारणासमोर काय दुरुस्त केलं, त्याचा कागद जोडा.

एवढं करूनही लेखी कारण मिळालं नाही तर आधी त्याच बँकेच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा. राष्ट्रीयीकृत किंवा खासगी बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर जाता येतं. विकास सोसायटीबाबत तक्रार असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात अर्ज द्यावा. मात्र एक लक्षात घ्या : कर्ज द्यायचं की नाही, हा निर्णय शेवटी बँकेचाच असतो. तक्रारीने कारण कळेल, चूक दुरुस्त होईल. पण खरी थकबाकी असेल तर ती भरल्याशिवाय फाइल हलणार नाही.