सहा पेल्यांचे जलचक्र

सहावी-सातवीच्या मुलांसाठी जलचक्रावर दोन-तीन मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म करायची, तर पहिले चित्र कोणते घ्यावे? आम्हाला वाटते, ते एक चुकीचे चित्र असावे.

इ.स. १६६५ मध्ये अथानासियस किर्चर याचा पृथ्वीच्या पोटाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील चित्रांत समुद्राचे पाणी जमिनीखालच्या वाटांनी डोंगरांच्या पोटातील टाक्यांत पोहोचते आणि तेथून नद्या निघतात. त्यामागचा प्रश्न रास्त होता : पाऊस काही दिवसच पडतो, मग वर्षभर वाहणाऱ्या नदीला तो कसा पुरणार?

उत्तर आले हिशेबातून. पॅरिसमध्ये पूर्वी करवसुलीचे काम केलेल्या पिएर पेरो याने १६७४ मध्ये सेन नदीच्या उगमाजवळचे सुमारे १२० चौरस किलोमीटरचे खोरे घेतले. (सिंड्रेलाची गोष्ट लिहिणारा शार्ल पेरो हा त्याचा भाऊ.) तेथे वर्षाला साधारण ५२ सेंटिमीटर पाऊस धरला, तर खोऱ्यावर सुमारे ६ कोटी घनमीटर पाणी पडते. नदीतून वाहणारे पाणी त्याच्या अंदाजाने सुमारे १ कोटी घनमीटर निघाले. म्हणजे पाऊस पुरून उरतो!

फिल्ममध्ये हे असे दाखवता येईल : ढगातून सहा पेले भरतात. एक पेला नदीत ओतला जातो. उरलेल्या पाचांतील बहुतेक पाणी ओल्या मातीतून आणि झाडांच्या पानांतून वाफ होऊन परत वर जाते. मात्र हे प्रमाण त्या खोऱ्याचे आहे, हे मुलांना सांगायला हवे. कोकणासारख्या उताराच्या, मुसळधार पावसाच्या प्रदेशात नदीच्या वाट्याला बरेच अधिक पेले येतात.

तरीही पाऊस थांबल्यावर नदी का वाहते, हे उरतेच. येथे पेरोही अडखळला. पावसाचे पाणी जमिनीत फार खोल मुरत नाही, असे तो मानी. म्हणून फिल्ममध्ये तळाशी भोक असलेली, वाळूने भरलेली बरणी दाखवावी. वरून पेलाभर पाणी एकदम ओतले, तरी खालून ते बराच वेळ थेंबथेंब गळत राहते. नदीच्या पेल्यातील काही पाणी असेच जमिनीत मुरून सावकाश येते. रिकामी टाकी मात्र दाखवू नये, नाहीतर किर्चरच्या टाक्या मुलांच्या मनात पुन्हा भरतील.

समुद्रावरून परत येणाऱ्या पाण्याचा हिशेब एडमंड हॅलेने १६८७ मध्ये मांडला. खारट पाण्याचे भांडे उन्हाळ्याइतके कोमट ठेवून त्याने त्याचे घटणारे वजन मोजले. फिल्ममध्ये तराजूचे पारडे हळूहळू वर जाताना दाखवले, तर न दिसणारी वाफही दिसेल.

फिल्म संपल्यावर एकच प्रश्न विचारावा : मे महिन्यात नदीत पाणी कोठून येते? उत्तर ‘ढगातून’ एवढेच आले, तर वाळूची बरणी पुन्हा दाखवावी.