२००६ साली बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या किती होती? दोन जनगणनांच्या मधली वर्षं कशी भरतात, समजून घ्या

२००१ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या होती २२,३२,४८०. २०११ च्या जनगणनेत ती झाली २५,८६,२५८. हे दोन्ही आकडे घरोघरी जाऊन मोजलेले आहेत. पण कुणी २००६ चा आकडा मागितला तर काय सांगणार? त्या वर्षी जनगणना झालीच नव्हती.

आणि हा आकडा लागतो. एखाद्या वर्षी जिल्ह्यात दर हजारी किती जन्म झाले, हे काढायचं तर त्या वर्षीच्या लोकसंख्येने भागावं लागतं. त्यामुळे २००१ आणि २०११ यांच्या मधल्या नऊ रिकाम्या जागा कशाने तरी भराव्या लागतात.

अकरावीच्या गणितात 'दोन संख्यांमध्ये n मध्य घाला' असं एक उदाहरण असतं. या नऊ जागा भरायला नेमकं तेच कामी येतं.

मध्य घालायचे म्हणजे काय करायचं?

आधी सोपे आकडे घेऊ. २ आणि १६२ या दोन संख्यांमध्ये तीन संख्या बसवायच्या आहेत. हे दोन प्रकारे करता येतं.

पहिला प्रकार अंकगणिती मध्यांचा. यात प्रत्येक पायरीला तेवढीच संख्या मिळवत जायचं. २ पासून १६२ पर्यंतचं अंतर १६०. मध्ये तीन संख्या असल्या की पायऱ्या होतात चार. म्हणून एक पायरी १६० ÷ ४ = ४० ची. मधल्या संख्या आल्या ४२, ८२ आणि १२२.

दुसरा प्रकार गुणोत्तर मध्यांचा. काही पुस्तकांत यांनाच भूमितीय मध्य म्हणतात. यात प्रत्येक पायरीला तेवढ्याच पटीने गुणत जायचं. १६२ ही २ च्या ८१ पट आहे. चार पायऱ्यांत ८१ पट व्हायचं तर एका पायरीची पट ८१ चं चौथं मूळ, म्हणजे ३. मधल्या संख्या आल्या ६, १८ आणि ५४. कागदावर -३ ही पटही चालते, मग संख्या येतात -६, १८, -५४. पण लोकसंख्या उणे नसते, त्यामुळे आपण धन पटच घ्यायची.

पुस्तकी भाषेत, a आणि b यांच्यामध्ये n मध्य घालायचे असतील तर:

```
d = (b - a) / (n + 1)
r = (b / a)^(1 / (n + 1))
```

आता बुलढाण्याचे आकडे

२००१ आणि २०११ यांच्यामध्ये २००२ ते २०१० अशी नऊ वर्षं येतात. म्हणजे n = ९ आणि पायऱ्या १०.

दहा वर्षांत लोकसंख्या वाढली ३,५३,७७८ ने. अंकगणिती पद्धतीने एका वर्षाची वाढ झाली ३५,३७७.८. दरवर्षी साधारण तेवढेच लोक वाढले, असं आपण धरून चाललो.

गुणोत्तर पद्धतीसाठी दहावं मूळ काढावं लागतं. मोबाइलवरच्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये हे टाइप करा:

```
=(2586258/2232480)^(1/10)
```

उत्तर येतं १.०१४८२. म्हणजे दरवर्षी १.४८ टक्के वाढ झाली, असं इथे धरलं आहे.

दोन्ही पद्धतींनी येणारी तीन वर्षांची लोकसंख्या अशी:

| वर्ष | अंकगणिती | गुणोत्तर | फरक |
|---|---|---|---|
| २००२ | २२,६७,८५८ | २२,६५,५६२ | २,२९६ |
| २००६ | २४,०९,३६९ | २४,०२,८६७ | ६,५०२ |
| २०१० | २५,५०,८८० | २५,४८,४९३ | २,३८७ |

गुणोत्तराचा आकडा दरवेळी कमीच का?

कारण गुणोत्तर पद्धतीत वाढ सुरुवातीला लहान असते आणि नंतर मोठी होत जाते. पहिल्या वर्षी ३३,०८२ लोक वाढतात, शेवटच्या वर्षी सुमारे ३७,७६५. अंकगणिती पद्धतीत मात्र पहिल्या वर्षापासूनच ३५,३७८ ची चाल असते. त्यामुळे गुणोत्तराचा आकडा सुरुवातीला मागे पडतो आणि शेवटी ती कसर भरून काढत बरोबर २५,८६,२५८ वर येतो. दोघांमधलं अंतर मधोमध सगळ्यात जास्त असतं.

हे फक्त बुलढाण्यापुरतं नाही. कुठल्याही दोन वेगळ्या धन संख्या घ्या, त्यांचा अंकगणिती मध्य गुणोत्तर मध्यापेक्षा मोठाच येतो. एकच मध्य असेल तर याचं कारण एका ओळीत सांगता येतं. √a - √b या संख्येचा वर्ग कधीच उणे नसतो. तो वर्ग उलगडला की a + b - 2√(ab) मिळतं. म्हणजेच (a + b)/2 हे √(ab) पेक्षा लहान असूच शकत नाही. दोन्ही सारखे येतात ते फक्त a आणि b सारखे असतील तेव्हाच.

मधल्या वर्षांची बेरीज

एका वर्षाऐवजी पूर्ण काळाचा सरासरी दर काढायचा असेल तर मधल्या सगळ्या वर्षांच्या लोकसंख्येची बेरीज लागते. त्यासाठी नऊ आकडे एकेक करून मिळवण्याची गरज नाही.

अंकगणिती मध्यांची बेरीज म्हणजे टोकांच्या दोन संख्यांची सरासरी गुणिले मध्यांची संख्या. इथे सरासरी २४,०९,३६९. तिला ९ ने गुणलं की २,१६,८४,३२१. २ आणि १६२ च्या उदाहरणातही ८२ × ३ = २४६ येतात, आणि ४२ + ८२ + १२२ सुद्धा २४६ च.

गुणोत्तर मध्यांना ही युक्ती चालत नाही. त्यांचं सूत्र वेगळं आहे:

```
बेरीज = (b - a·r) / (r - 1)
```

छोट्या उदाहरणात (१६२ - ६) ÷ २ = ७८, आणि ६ + १८ + ५४ सुद्धा ७८. बुलढाण्यासाठी हीच बेरीज येते सुमारे २,१६,४१,४०३. मात्र इथे r चे निदान आठ-नऊ दशांश घ्या (१.०१४८१८६२०). नुसतं १.०१४८२ वापरलं तर छेदातला r - 1 लहान असल्यामुळे छोटीशी चूकही उत्तरात मोठी होते.

दोन बेरजांमध्ये फरक ४२,९१८ चा. ऐकायला मोठा वाटतो, पण दोन कोटींच्या बेरजेत तो ०.२ टक्के आहे. दर हजारी प्रमाण काढायला कुठलीही पद्धत वापरली तरी उत्तर जवळपास तेच येणार.

कुठे चुकतं, आणि कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे नऊ वर्षं भरायची म्हणून ९ ने भागणं. खांब नऊ असले तरी दोन टोकांसकट त्यांच्यामधले गाळे दहा असतात. तपासायला सोपं आहे: शेवटच्या मध्यात आणखी एक पायरी मिळवा. बरोबर २५,८६,२५८ आले नाहीत तर भागाकार चुकला.

दुसरी चूक टक्केवारीची. दहा वर्षांतली वाढ १५.८५ टक्के, म्हणून दरवर्षी १.५८५ टक्के असं धरून पटीने गुणत गेलं, तर २०११ ला आकडा २६ लाख १२ हजारांवर जातो. खऱ्यापेक्षा २६ हजारांहून जास्त. वाढीवरही वाढ होते, त्यामुळे टक्केवारीला दहाने भागायचं नसतं, मूळ काढायचं असतं.

तिसरी चूक बेरजेतली. मधल्या वर्षांची बेरीज मागितली असताना टोकांचे दोन आकडेही त्यात मिळवले जातात.

मग खरी पद्धत कोणती?

लोकसंख्या पटीने वाढते, म्हणून गुणोत्तर मध्यच बरोबर, असं सहसा मानलं जातं. बुलढाण्यापुरतं हे तपासून बघता येतं, कारण आपल्याकडे तीन मोजलेले आकडे आहेत. १९९१ साली जिल्ह्याची लोकसंख्या १८,८६,२९९ होती. आता २००१ चा आकडा माहीत नाही असं समजा आणि १९९१ व २०११ यांच्यामध्ये एकच मध्य घाला.

अंकगणिती मध्य येतो २२,३६,२७९. गुणोत्तर मध्य येतो २२,०८,७२३. प्रत्यक्षात मोजलेला आकडा होता २२,३२,४८०.

म्हणजे अंकगणिती पद्धत ३,७९९ ने चुकली, तर गुणोत्तर पद्धत तब्बल २३,७५७ ने. याचं कारणही आकड्यांतच आहे. पहिल्या दशकात ३,४६,१८१ लोक वाढले आणि दुसऱ्या दशकात ३,५३,७७८. वाढ जवळपास सारखीच राहिली. वाढीचा दर मात्र १८.३५ टक्क्यांवरून १५.८५ टक्क्यांवर उतरला. दर कायम राहिलाच नाही, त्यामुळे गुणोत्तर पद्धतीचा आधारच गेला.

यावरून अंकगणिती पद्धत सगळीकडे चांगली, असं मात्र ठरत नाही. ज्या शहराची लोकसंख्या एका दशकात दुप्पट झाली, तिथे निकाल उलटा लागू शकतो. तिसरा मोजलेला आकडा हाताशी असेल तर आधी अशी चाचणी करायची आणि मग पद्धत निवडायची.

आणि २०११ नंतरचं काय?

मध्य घालणं हे दोन माहीत असलेल्या आकड्यांच्या मधलं काम आहे. दोन्ही टोकं पक्की असतात, म्हणून २००१ ते २०११ दरम्यान दोन पद्धतींमधला फरक साडेसहा हजारांच्या पुढे जात नाही. तीच चाल २०११ च्या पुढे ओढली की हा लगाम सुटतो. अंकगणिती चालीने २०२१ साठी २९,४०,०३६ येतात आणि गुणोत्तर चालीने सुमारे २९,९६,०९९. फरक थेट ५६ हजारांचा.

२०२१ ची जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली आहे. तो आकडा आला की २०१२ पासून २०२६ पर्यंतच्या वर्षांना दुसरं टोक मिळेल. मध्ये तेव्हा पंधरा जागा असतील आणि भागायचं असेल सोळाने.