चामड्याच्या वस्तू : पावसाळ्यातील बुरशी-प्रतिबंध

कपाटात ठेवलेल्या चामड्याच्या पिशव्या, पर्स, पट्टे आणि पादत्राणे यांवर दमट महिन्यांत येणारी बुरशी रोखण्याची पद्धत. मुंबई, कोकण आणि गोव्यात जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. गणपतीत घालायचे म्हणून कपाटातून काढलेल्या बुटांवर पांढरट-हिरवा बुरा दिसतो तो या काळात. तो दिसल्यावर पुसण्यापेक्षा चामडे मुळात सादळू न देणे सोपे असते. मात्र त्यासाठी ओलावा नेमका कुठे साठतो हे ठाऊक असावे लागते. कपाटातल्या हवेत तो फार थोडा असतो. त्याहून कितीतरी जास्त ओलावा चामड्यात, अस्तरात आणि लाकडी फळ्यांत मुरलेला असतो.

बुरशीचे बीजाणू घरातल्या हवेत आणि धुळीत बारमाही असतात. ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम या प्रजातींच्या बुरशी चामड्यावर नेहमी आढळतात. बीजाणू रुजायला पृष्ठभागालगतची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७० टक्क्यांच्या वर काही दिवस टिकावी लागते. ६० टक्क्यांच्या खाली त्यांची वाढ होत नाही. पावसाळ्यातले घरातले २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान त्यांना चांगलेच मानवते. अन्न मिळते ते कमावताना चामड्यात घातलेल्या तेलांतून आणि वापरात बसलेल्या घामा-धुळीतून. म्हणूनच बुटाच्या आत आणि पर्सच्या मुठीवर, म्हणजे जिथे त्वचेचा स्पर्श होतो तिथे, बुरशी बहुधा आधी धरते.

सगळे चामडे सारखे सादळत नाही. बूट, पर्स यांचे बहुतांश चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते आणि त्यावर रंगाचा पातळ थर असतो. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. ते उघडे, थराविना असते. पाणी झपाट्याने ओढते आणि बुरशीही त्यावर लवकर येते. अशा चपलांना पावसाळ्यापूर्वी भरपूर खोबरेल तेल चोपडण्याची सवय अनेक घरांत आहे. बेताचे तेल चामडे मऊ ठेवते हे खरे, पण वर राहिलेले जादा तेल बुरशीला खाद्य पुरवते आणि धूळही धरून ठेवते. तेल लावायचेच तर कोरड्या दिवसांत, फडक्याने अगदी पातळ लावावे आणि दुसऱ्या दिवशी उरलेले पुसून घ्यावे.

कपाटाची जागा

एकाच घरातल्या दोन कपाटांपैकी एकातल्याच वस्तूंना बुरशी येते, याचे कारण बहुधा भिंत असते. खोलीतली हवा ३० अंशांची आणि तिची आर्द्रता ७५ टक्के आहे असे धरू. पावसाने भिजलेली बाहेरची भिंत २७ अंशांवर असेल, तर तिला टेकलेल्या हवेत पाण्याचे प्रमाण तेच राहते, पण हवा थंड झाल्यामुळे सापेक्ष आर्द्रता ८९ टक्क्यांवर जाते. अवघ्या तीन अंशांचा हा परिणाम आहे. त्या भिंतीला पाठ लावलेल्या कपाटात, मागच्या बाजूला सरकवून ठेवलेली पर्स म्हणजे घरातल्या सर्वांत दमट कोपऱ्यात ठेवलेली पर्स. म्हणून चामड्याच्या वस्तूंसाठी आतल्या भिंतीचे कपाट निवडावे आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत टाळावी. दुसरी सोय नसेल, तर कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, वस्तू वरच्या फळीवर पुढच्या बाजूला ठेवाव्यात आणि तळाचा खण रिकामा सोडावा.

हवा खेळती ठेवा, असा सल्ला नेहमी दिला जातो. तो अर्धाच बरोबर आहे. पंख्याच्या वाऱ्याने थंड कोपऱ्यांतली साचलेली हवा हलते, तेवढा फायदा होतो. पण भर पावसात खिडक्या उघडून कपाटाची दारे सताड ठेवली, तर बाहेरची ९० टक्के आर्द्रतेची हवाच आत येते. दारे उघडावीत ती उघडीप असताना, किंवा खोलीत एअर कंडिशनर अथवा आर्द्रताशोषक यंत्र चालू असताना.

सिलिका जेलचे गणित

नव्या बुटांच्या खोक्यातली एक-दोन ग्रॅमची पुडी जपून कपाटात टाकली जाते. तिचा उपयोग जवळजवळ शून्य असतो. एक घनमीटर हवेत २८ अंश तापमानाला आणि ८५ टक्के आर्द्रतेला सुमारे २३ ग्रॅम पाणी असते. ६० टक्क्यांना १६ ग्रॅम. म्हणजे कपाटातली नुसती हवा कोरडी करायला सातच ग्रॅम पाणी शोषावे लागेल. पण सादळलेल्या चामड्याचे वजन सव्वा किलो असेल, तर ते सुरक्षित पातळीवर आणताना त्यातून साधारण ५० ते ६० ग्रॅम पाणी निघते. शिवाय फळ्या, कपडे आणि पुठ्ठ्याची खोकी आपला ओलावा सोडत राहतात आणि दार उघडले की बाहेरची हवा शिरते. सिलिका जेल ५० ते ५५ टक्के आर्द्रतेच्या हवेत आपल्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा पाणी धरते. उघडझाप होणाऱ्या कपाटाला ते कधीच पुरे पडणार नाही. ते कामाला येते घट्ट झाकणाच्या डब्यात.

तीन-चार महिने न लागणारी एक पर्स आणि एक जोड बूट यांचे उदाहरण घेऊ. रबरी कडेचे झाकण असलेला ३० ते ४० लिटरचा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा. वस्तू आधी कोरड्या फडक्याने पुसाव्यात, बुटांतले सुटे तळवे काढावेत, पर्समधले कागद आणि जुने रुमाल बाहेर काढावेत. मग त्या कोरड्या हवेत दोन-तीन दिवस राहू द्याव्यात. पुण्यात किंवा देशावर हे काम मे महिन्यात सहज होते, कारण दुपारची हवा खरोखर कोरडी असते. मुंबईत आणि किनाऱ्यावर मे महिनाही दमट असतो. तिथे वस्तू एअर कंडिशनर चालू असलेल्या खोलीत ठेवून डबा त्याच खोलीत बंद करणे हिताचे. डब्यात १०० ते १५० ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत, चामड्याला टेकणार नाही असे ठेवावे. बुटांत आणि पर्समध्ये आकार टिकण्यासाठी कोरा कागद भरावा. छापील वर्तमानपत्राची शाई फिक्या अस्तराला लागते. वस्तू ओलसर असतानाच बंद केली, तर हेच जेल एका आठवड्यात भरून जाते आणि डबा बुरशीला आयता मिळतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत चामडे कुजते या समजुतीमागचे कारणही हेच. दोष आत कोंडलेल्या ओलाव्याचा असतो.

डब्यात लहान डिजिटल आर्द्रतामापक ठेवावा. दोन दिवसांनी त्याने ४५ ते ५५ टक्के दाखवले तर ठीक. ६० च्या पुढे गेला तर जेल बदलावे. फार कोरडेपणाही बरा नव्हे; ४० टक्क्यांच्या खाली दीर्घकाळ राहिलेले चामडे ताठरते. स्वस्त मापक पाच-सात टक्क्यांनी सहज चुकतात, म्हणून त्याची एकदा परीक्षा घ्यावी. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओलसर गोळा होईल इतकेच पाणी घालावे. ते झाकण आणि मापक एका घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवावे. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ७० दाखवत असेल, तर यापुढच्या प्रत्येक आकड्यात पाच मिळवायचे.

रंग बदलणारे जेल भरले की लगेच कळते. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असते; ते आरोग्याला घातक मानले जाते, म्हणून घरात नारिंगी जेल घ्यावे. भरलेले जेल ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवले की पुन्हा कामाला येते. स्वयंपाकाची भांडी आणि ओव्हन त्यासाठी वापरू नयेत. कॅल्शियम क्लोराइडचे डबे पाणी जास्त ओढतात, पण त्यात खारट द्रव साचतो आणि तो सांडला तर चामड्यावर न जाणारे डाग पडून ते कडक होते. ते उघड्या कपाटात तळाशी, उभे ठेवावेत. चामड्याच्या डब्यात कधीच नकोत. डांबरगोळ्या किडीसाठी आहेत. बुरशीला त्या रोखत नाहीत, फक्त कुबट वास झाकतात.

नेहमी वापरातले बूट डब्यात ठेवणे शक्य नसते. दिवसभर घातलेला बूट घामाने आतून ओला असतो. तो निदान एक दिवस बाहेर, पंख्याच्या वाऱ्यात राहिल्याशिवाय कपाटात जाऊ नये. आलटून-पालटून घालायला दोन जोड असले की हे साधते. चिंब भिजलेला बूट कागद भरून आणि तो कागद दोन-तीनदा बदलून सावलीत वाळवावा. गॅसजवळ किंवा कडक उन्हात वाळवलेले ओले चामडे आक्रसते व तडकते.

ओळख आणि सफाई

चामड्यावरचे प्रत्येक पांढरे आवरण बुरशी नसते. चामड्यातली चरबी वर येऊन गोठते तेव्हाही पांढरट थर दिसतो. हेअर ड्रायरची कोमट हवा दिली की तो वितळून नाहीसा होतो. घामाचे किंवा पाण्याचे क्षार ओल्या फडक्याने विरघळतात. पितळी बक्कलभोवतीचा हिरवा मेणचट लेप म्हणजे तांबे आणि चामड्यातली आम्ले यांचा संयोग. बुरशी मात्र लोकरीसारखी वा भुकटीसारखी, गोल ठिपक्यांत वाढते, तापवल्याने वितळत नाही आणि तिला कुबट वास असतो.

बुरशी आलीच तर ती वस्तू इतरांपासून लगेच वेगळी करावी. नाकातोंडावर मास्क लावून, घराबाहेर मऊ ब्रशने कोरडीच झटकावी. आधी ओले फडके फिरवले तर बीजाणू शिवणीत शिरतात. नंतर आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात मिसळून त्यात किंचित ओलसर केलेल्या फडक्याने पुसावे. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात रंग सुटतो का ते पाहावे. मखमली पृष्ठाच्या स्वेड चामड्याला फक्त कोरडा ब्रश लावावा. ब्लीचने चामड्याचे तंतू कमकुवत होतात. कपाटाच्या फळ्याही पुसून कोरड्या कराव्यात, नाहीतर आठवड्याभरात बुरशी परत येते. तंतू चामड्यात उतरून पडलेले काळे डाग मात्र सफाईने जात नाहीत.

बुरशीरोधक म्हणून मिळणाऱ्या, आतल्या रसायनाचे नाव न छापलेल्या पुड्या वापरू नयेत. डायमिथिल फ्युमरेट असलेल्या अशा पुड्यांमुळे युरोपात सोफे आणि बूट वापरणाऱ्यांच्या त्वचेवर भाजल्यासारखे चट्टे उठले होते. युरोपीय संघाने २००९ मध्ये हे रसायन असलेल्या ग्राहकोपयोगी वस्तूंवर बंदी घातली.

चामड्यासारख्या दिसणाऱ्या पॉलियुरेथेनच्या पर्सचे पापुद्रे निघणे, किंवा वर्षानुवर्षे न घातलेल्या बुटाचा तळ चुरा होणे, हे बुरशीचे काम नाही. दमटपणामुळे त्या प्लॅस्टिकचे रेणू तुटत जातात. कोरड्या डब्यात ही प्रक्रिया मंदावते, पण सुरू झालेले विघटन कोणत्याही पॉलिशने थांबत नाही.