तळटीप : 'वॅगल'

* वॅगल : खेळात बटणाऐवजी रिमोट झटकणे. निन्टेंडोच्या 'वी' या कन्सोलचा (२००६) रिमोट हालचाल दोन मार्गांनी ओळखे. आतला ॲक्सेलरोमीटर तीन दिशांतला प्रवेग मोजे. टोकाचा इन्फ्रारेड कॅमेरा टीव्हीजवळच्या पट्टीतले दिवे पाहून रिमोट पडद्यावर कुठे रोखला आहे ते काढी. पट्टीचे नाव 'सेन्सर बार', पण ती स्वतः काहीच टिपत नसे, नुसते दिवेच!

गोम ॲक्सेलरोमीटरमध्ये होती. त्याला गुरुत्वाकर्षण आणि हाताचा झटका एकत्रच जाणवतात. रिमोट स्थिर असेल तर त्याचा कल कळतो. जोरात फिरवला की कल कुठला आणि झटका कुठला, हे वेगळे काढता येत नाही. म्हणून 'वी स्पोर्ट्स'च्या टेनिसमध्ये सोफ्यावर बसून मनगट झटकले तरी फटका बसे. २००९च्या 'मोशनप्लस' जोडणीतल्या जायरोस्कोपमुळे फिरणेही मोजता येऊ लागले, पण तोवर बऱ्याच खेळांत झटका म्हणजे उशिरा लागणारे बटण, एवढेच उरले होते.

'डाँकी काँग कंट्री रिटर्न्स'मध्ये (२०१०) कोलांटी मारायला रिमोट हलवावा लागे. ऐन कड्यावर झटका उशिरा पोचला की गडी दरीत. २०१३च्या थ्रीडीएस आवृत्तीत ही कोलांटी बटणावर आली.