टाकीच्या झाकणाची गोष्ट : मुंबईची विहीर, हिवतापाचा डास आणि एक छोटीशी जाळी

पावसाळा सुरू झाला की महापालिकेचे कर्मचारी तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर चढतात, टाकीचं झाकण उघडून बॅटरी मारतात आणि झाकण सैल असेल तर नोटीस देतात. पुष्कळांना हा उगाच त्रास वाटतो. "आमचं पाणी तर नळाचं, क्लोरिन टाकलेलं, त्यात डास कुठून येणार?" असं मला दवाखान्यात बरेच जण विचारतात. या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांहून जुनं आहे, आणि ते मुंबईतच शोधलं गेलं.

रोनाल्ड रॉस यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले, हे तुम्ही शाळेत वाचलं असेल. त्यानंतर हिवताप म्हणजे दलदल, भातशेती आणि खेड्यातली डबकी, असं समीकरण पक्कं झालं. मुंबईसारख्या दगडी इमारतींच्या शहरात मात्र ते लागू पडेना. फोर्ट, गिरगाव यांसारख्या दाट वस्तीत दलदल नव्हती, तरी लोक तापाने फणफणत होते.

याचं कोडं डॉ. चार्ल्स बेंटली यांनी उलगडलं. मुंबईतल्या हिवतापाच्या कारणांवरचा त्यांचा अहवाल १९११ साली प्रसिद्ध झाला. तपासाची पद्धत साधी होती. हिवताप वारंवार होणाऱ्या मुलांची पाणथरी म्हणजे प्लीहा वाढते आणि डाव्या बरगडीखाली हाताला लागते. कोणत्या भागातल्या किती मुलांची पाणथरी वाढली आहे हे पाहिलं, की हिवताप कुठे मुरला आहे ते रक्त न तपासताही कळतं. दुसरीकडे त्याच भागातलं पाणी तपासायचं आणि अळ्या कुठे आहेत ते बघायचं. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या : घरांच्या आवारातल्या विहिरी.

गुन्हेगार होता ॲनॉफिलिस स्टिफेन्सी हा डास. त्याचं शास्त्रीय वर्णन १९०१ साली ग्लेन लिस्टन यांनी केलं होतं. पुढे परळच्या प्लेग प्रयोगशाळेत काम करणारे लिस्टन ते हेच. बहुतेक हिवतापाचे डास शहरापासून दूर राहतात, हा मात्र शहरात रमतो. त्याला गटाराचं पाणी फारसं आवडत नाही. स्वच्छ, स्थिर, सावलीतलं पाणी आणि चारही बाजूंनी भिंत, हे त्याचं आवडतं घर. आता तुमच्या टाकीचं वर्णन करा बरं. तेच होतं ना?

बेंटलींनी विहिरी बुजवा किंवा डास शिरणार नाही अशा बंद करा, असं सुचवलं. पण लोकांना ते पटेना. १८६० च्या सुमारास विहारचं आणि १८९२ पासून तानसाचं पाणी नळाने येत असलं, तरी विहीर ही केवळ पाण्याची सोय नव्हती. कुणाच्या विहिरीत देवता होती, कुणाच्या विहिरीवर दिवा लागायचा. पारशी लोकांची अडचण आणखी वेगळी होती. त्यांच्या विधींसाठी लागणाऱ्या विहिरीच्या पाण्यावर सूर्याचा प्रकाश पडला पाहिजे, म्हणजे काँक्रीटची फरशी टाकून ती बंद करणं शक्यच नाही. या सगळ्या वादात महापालिकेतले अधिकारी रुस्तम पेस्तनजी मसानी यांनी लोकांच्या श्रद्धा समजून घ्यायचं मनावर घेतलं, आणि त्यातून १९१८ साली विहिरींच्या लोककथांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. आरोग्य खात्याच्या नोटिशीतून लोकसाहित्याचा ग्रंथ जन्माला आल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही!

यातला मधला मार्ग म्हणजे तारेची बारीक जाळी आणि पोहरा सोडण्यापुरतं उघडणारं दार. उजेड आत जातो, हवा जाते, डास जात नाही. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर आजही आहे, हे तुम्ही येताजाता पाहिलं असेल.

विहिरी बंद झाल्या आणि प्रश्न संपला, असं झालं नाही. कारण नळाला पाणी दिवसभर नसायचं. ते ठरावीक वेळी येणार म्हटल्यावर प्रत्येक इमारतीला ते साठवावं लागणार, आणि साठवण म्हणजे टाकी. डासाच्या दृष्टीने विहीर जमिनीतून उठून गच्चीवर गेली, एवढाच फरक. १९२८ मध्ये गॉर्डन कोव्हेल यांनी मुंबईतल्या हिवतापाचा पुन्हा अभ्यास केला, तेव्हाही हाच डास विहिरींबरोबर टाक्यांमध्ये सापडत होता. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातल्या कलम ३८१ खाली आज तुम्हाला जी नोटीस येते, तिच्यामागे हा सगळा इतिहास आहे.

आता मूळ शंकेकडे येऊ. पिण्याच्या पाण्यात जेवढं क्लोरिन असतं, त्याने अळी मरत नाही. शिवाय टाकीत पाणी साठून राहिलं की तेही उडून जातं. राहता राहिलं अन्न. भिंतीवर हात फिरवला की बुळबुळीत लागतो तो थर जिवाणूंचा असतो, आणि प्रकाश येत असेल तर त्यात हिरवं शेवाळही मिसळतं. धूळ, पानं, कबुतरांची विष्ठा यांनी तो पोसला जातो आणि अळ्या त्यावर जगतात. म्हणून घट्ट झाकणाचे दोन फायदे : मादी आत येऊन अंडी घालू शकत नाही, आणि अंधारामुळे शेवाळ वाढत नाही. मात्र जिवाणूंचा थर अंधारातही वाढतो, त्यामुळे झाकण लावलं म्हणून टाकी धुणं सुटत नाही.

पण टाकी पूर्ण हवाबंद करून चालत नाही, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. टाकीतलं पाणी खाली उतरतं तेव्हा तेवढीच हवा आत यावी लागते. पाणी भरतं तेव्हा ती बाहेर जावी लागते. वाट ठेवली नाही तर नळाची धार अडखळते, प्लॅस्टिकची टाकी आत ओढली जाते, नाहीतर हवा झाकणाच्या फटीतून स्वतःच वाट काढते. म्हणून वर एक वाकवलेला, तोंड खाली असलेला हवेचा पाइप हवा. जादा पाण्यासाठी ओव्हरफ्लोचा पाइप असतोच. या दोन्ही तोंडांना जाळी लागते, आणि तिची भोकं साधारण १.२ मिलिमीटरपेक्षा मोठी नसावीत. खिडकीच्या साध्या मच्छरजाळीइतकी. समुद्राजवळ लोखंडी जाळी लवकर गंजते आणि नायलॉनची उन्हाने ठिसूळ होते, म्हणून स्टेनलेस स्टीलची घ्या.

माझ्या ओळखीच्या एका चार मजली इमारतीचं उदाहरण सांगतो. एका पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या तिघांना लागोपाठ व्हायवॅक्स हिवताप झाला. सोसायटीने आदल्याच वर्षी सगळ्या टाक्यांना कुलपाची नवी लोखंडी झाकणं बसवली होती, त्यामुळे "टाकीचा प्रश्नच नाही" असं सेक्रेटरी सांगत होते. झाकण खरंच घट्ट होतं. पण ते उघडताच आतून दोन डास उडाले. बंद टाकीतून डास उडतो, याचा अर्थ तो आतच जन्मला आहे किंवा आत यायला दुसरी वाट आहे. बॅटरी तिरकी धरून कोपऱ्यात पाहिलं तेव्हा पाण्याला समांतर, काडीसारख्या आडव्या पडलेल्या अळ्या दिसल्या. ही ॲनॉफिलिसची खूण आहे. डेंग्यूच्या एडिसची अळी डोकं खाली करून तिरकी लोंबकळते.

वाट सापडली ओव्हरफ्लोमध्ये. फ्लोट बॉलचा वॉल्व्ह बिघडल्याने रोज जादा पाणी वाहायचं. जाळी पाइपच्या टाकीतल्या तोंडावर बसवली होती, तिच्यावर बुळबुळीत थर आणि गाळ साचून ती बुजली. पाणी झाकणापर्यंत चढायला लागल्यावर प्लंबरने स्क्रूड्रायव्हरने जाळी भोसकली. त्याच्या दृष्टीने तक्रार मिटली होती! त्या तिघांना हिवताप याच टाकीतल्या डासामुळे झाला हे सिद्ध करता येत नाही, पण डासाला जागा मिळाली होती हे नक्की.

दुरुस्ती अशी झाली. आधी वॉल्व्ह बदलला, कारण पाणी वाहत राहिलं तर कुठलीही जाळी बुजणारच. मग जाळी पाइपच्या बाहेरच्या, खालच्या टोकाला, हाताने काढता येईल अशा टोपणात बसवली. तिथे ती दिसते आणि धुता येते. टाकी रिकामी करून भिंती ब्रशने घासल्या. हे घासणं एडिससाठीही महत्त्वाचं, कारण त्याची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं पाणी सोडून टाकी भरली तर ती पुन्हा फुटतात. तळाचा गाळ काढला, ब्लिचिंग पावडरचं पाणी काही तास ठेवून सोडून दिलं आणि मग टाकी भरली. एक सूचना मात्र पाळा : जमिनीखालच्या टाकीत उतरण्याआधी झाकण बराच वेळ उघडं ठेवा आणि माणूस एकटा आत पाठवू नका. तिथे प्राणवायू कमी असू शकतो.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर आठवड्यातून एकदा पुरे. उन्हाळ्या-पावसाळ्यात अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून हे अंतर. झाकण हळूच उघडा. सावली पडली की अळ्या खाली बुडी मारतात आणि पाणी स्वच्छ वाटतं. त्यामुळे उघडून लगेच "काही नाही" म्हणू नका. दोन-तीन मिनिटं थांबा, श्वास घ्यायला त्या वर येतात. झाकणाखाली बोट फिरवून रबराची पट्टी कुठे सुटली आहे का ते पाहा, आणि वायर किंवा पाइपसाठी झाकणाला पाडलेलं भोक शोधा. बहुतेक टाक्यांत ते असतंच.

मुंबईत ज्याने विहिरींवरून एवढा वाद घडवला, तो स्टिफेन्सी आता आफ्रिकेत पोहोचला आहे. २०१२ मध्ये तो जिबूतीत सापडला. त्या वर्षी तिथे हिवतापाचे २७ रुग्ण होते, २०२० मध्ये ७३ हजारांहून अधिक. तिथल्या शहरांतही पाणी ड्रमात आणि टाक्यांत साठवावं लागतं, आणि त्यांना झाकणं बसवण्याचं काम सुरू झालं आहे.