मध्यममतदार आणि बहुमताचे चक्र

* मध्यममतदाराचा सिद्धांत डंकन ब्लॅक यांनी 1948 मध्ये मांडला. सर्व पर्याय एकाच रेषेवर बसत असतील आणि प्रत्येकाची पसंती आपल्या आवडत्या बिंदूपासून दूर जाताना घटत असेल, तर मधल्या मतदाराचा पर्याय कोणत्याही पर्यायाकडून हरत नाही. ही अट मोडली की काय होते, याचे उदाहरण म्हणून विल्यम रायकर यांनी 1956 चे अमेरिकी शाळाबांधणी विधेयक घेतले. वर्णभेदी शाळांना अनुदान नाकारणारी दुरुस्ती अ‍ॅडम क्लेटन पॉवेल यांनी सुचवली आणि पैशाच्या प्रश्नात वंशाचा प्रश्न शिरला. पॉवेल-समर्थकांचा क्रम होता दुरुस्त विधेयक, मूळ विधेयक, काहीच नको. दक्षिणेतील डेमोक्रॅट्सचा होता मूळ, काहीच नको, दुरुस्त. अनुदानविरोधी रिपब्लिकनांचा काहीच नको, दुरुस्त, मूळ. जोड्या लावून पाहा: दुरुस्त मूळला हरवते, ‘काहीच नको’ दुरुस्तला आणि मूळ ‘काहीच नको’ला. तिन्ही वेळा बहुमतच. प्रत्यक्षात दुरुस्ती मंजूर झाली आणि विधेयक पडले. मूळ विधेयक एकटे मतास आले असते तर मंजूर झाले असते, हा रायकर यांचा अंदाज मात्र वादग्रस्त आहे, कारण तशी मोजणी त्या वर्षी झालीच नाही. — संपादक